‘ब’ची रेषा नेमकी कुठे थांबते? पेशीच्या आकृत्यांमधल्या निर्देशक रेषा वाचताना

प्रश्न: बारावीला आहे, नीटची तयारी करतेय. मायटोकॉन्ड्रियाचे सगळे भाग पाठ आहेत, तरी आकृतीचा प्रश्न चुकला. ‘ब’ची रेषा आत खोलवर गेली होती म्हणून मी मॅट्रिक्स धरलं आणि ‘क’ची काठाजवळच थांबली होती म्हणून दोन पटलांमधली पोकळी. उत्तरसूचीत बरोबर उलटं आहे. सूची चुकली की मी? आणि या रेषा नीट बघायच्या कशा?

उत्तर:

सूची बरोबर असावी. तू भागांच्या नावांत चुकलेली नाहीस. तू रेषेचं टोक काठापासून किती आत आहे हे मोजलंस, आणि पेशीच्या आकृतीत त्या अंतराला काही अर्थ नसतो. टोक आणि बाहेरची जागा यांच्या मध्ये किती पटलं आहेत, यावर उत्तर ठरतं. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि सराव परीक्षांसाठी अशा आकृत्या स्वतः काढते. अभ्यास चांगला असलेली मुलं याच जागी चुकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी आकृती माझ्यासमोर नाही, पण तू सांगितलेल्या वर्णनावरून ती साधारण अशी असणार. आडवा, लांबट मायटोकॉन्ड्रिऑन उभा कापून दाखवलेला. बाहेरून एक सलग रेषा, ते बाह्य पटल. तिच्या आत थोडी जागा सोडून दुसरी रेषा, ते आंतरपटल. ही दुसरी रेषा जागोजागी आत वळते, बोटासारखी लांब जाते, टोकाला वळसा घेऊन परत येते आणि पुढे चालू लागते. या घड्या म्हणजे क्रिस्टी. ‘अ’ची रेषा सगळ्यात बाहेरच्या रेषेवर टेकलेली. ‘ड’ची एका घडीच्या रेषेवर टेकलेली. ‘ब’ वरून येते आणि एका लांब घडीच्या आतल्या पांढऱ्या जागेत, जवळपास आकृतीच्या मध्यावर थांबते. ‘क’ खालून येते, दोन रेषा ओलांडते आणि लगेच, दोन घड्यांच्या मधल्या ठिपकेदार जागेत थांबते.

आता ‘ब’च्या टोकावर पेनाने बारीक ठिपका दे. पेन तिथे ठेव आणि छापलेली एकही रेषा न ओलांडता कुठे कुठे जाता येतं ते बघ. निर्देशक रेषा मोजायची नाही, ती चित्राचा भाग नाही. तू घडीच्या पोकळीतून वर सरकशील, घडीच्या अरुंद तोंडातून बाहेर पडशील आणि थेट बाह्य पटल व आंतरपटल यांच्या मधल्या पट्ट्यात येशील. तिथून अख्ख्या मायटोकॉन्ड्रिऑनला फेरी मारता येते. म्हणजे घडीच्या आतली जागा आणि दोन पटलांमधली जागा ही एकच पोकळी आहे. टोक कितीही मध्यावर असलं तरी ‘ब’ दोन पटलांमधल्या पोकळीतच आहे.

‘क’ला तेच कर. ठिपका दिल्यावर तू एका घडीला वळसा घालून दुसरीकडे जाशील, तिसरीकडे जाशील, पण त्या कडेच्या पट्ट्यात कधीच पोचणार नाहीस, कारण आंतरपटलाची रेषा सगळीकडे आडवी येते. ती जागा मॅट्रिक्स. काठापासून ती दोन मिलिमीटरच आत असेल, पण मध्ये दोन पटलं आहेत.

हेच मोजूनही करता येतं आणि परीक्षेत मोजणं जास्त जलद होतं. आकृतीच्या बाहेर, पेशीद्रव्यात, शून्य. तिथून टोकापर्यंत येताना चित्रातली किती पटलं ओलांडली ते मोजायचं. एक ओलांडलं तर दोन पटलांमधली पोकळी. दोन ओलांडली तर मॅट्रिक्स. तीन ओलांडली तर मॅट्रिक्समधून पुढे जाऊन एखाद्या घडीच्या आत शिरलो, म्हणजे पुन्हा तीच दोन पटलांमधली पोकळी. चार ओलांडली तर घडीच्या पलीकडून बाहेर पडलो, पुन्हा मॅट्रिक्स. विषम आकडा आला की पोकळी, सम आला की मॅट्रिक्स, आणि शून्य आला तर पेशीद्रव्य. रेषा सरळ घडीच्या तोंडातून उतरली तर एकच पटल ओलांडते, तिरकी आली तर तीन ओलांडते. दोन्ही वेळा उत्तर एकच येतं, कारण वाट बदलली तरी जागा बदलत नाही.

घडीची पोकळी बाहेरच्या पोकळीला जोडलेली असते, ही चित्रकाराने सोयीसाठी केलेली कल्पना नाही. १९५०च्या दशकात जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायटोकॉन्ड्रियाचे काप पाहून क्रिस्टी म्हणजे आंतरपटलाच्याच घड्या असल्याचं मांडलं. त्याच काळात फ्रिट्यॉफ श्योस्ट्रांड यांचं मत वेगळं होतं. त्यांना त्या आतल्या भिंती वेगळे पडदे वाटत होत्या. पॅलेड यांचं घड्यांचं चित्र पाठ्यपुस्तकांत रुळलं आणि आजही आपण तेच काढतो. पुढच्या अभ्यासात घडीचं तोंड पुष्कळदा अगदी अरुंद असतं एवढी दुरुस्ती झाली, पण पटल सलग आहे ही गोष्ट कायम राहिली. म्हणून आकृतीत ते अरुंद तोंड शोधणं महत्त्वाचं. छपाईत शाई पसरली की तेच सगळ्यात आधी बुजतं.

काही आकृत्यांत, आणि सूक्ष्मदर्शकाच्या खऱ्या छायाचित्रांत तर नेहमीच, एखादी घडी मध्येच तरंगणारी बंद लंबगोल दिसते. कापाचं प्रतल तिच्या तोंडातून गेलेलं नसतं, म्हणून तोंड दिसत नाही. अशा बंद लंबगोलात टोक असेल तर पेन बाहेर नेता येणार नाही. तेव्हा शेजारच्या घड्या बघ. त्या कडेला जोडलेल्या असतील तर ही पण तशीच धरायची. पटलं मोजण्याची रीत इथेही चालते, तीन येतात, म्हणजे पोकळी. हे चित्र मॅट्रिक्समध्ये तरंगणाऱ्या वेगळ्या पिशवीचं नाही.

मोजताना फसायची एक मोठी जागा आहे. काही चित्रकार पटलाची जाडी दाखवायला एकाच पटलासाठी दोन समांतर रेषा काढतात. तिथे सगळ्या रेषा मोजल्यास तर आकडा दुप्पट होतो आणि सम-विषमाचा हिशेब कोलमडतो. ओळखायची खूण घडीच्या टोकाला सापडते. एकाच रेषेने पटल दाखवलं असेल तर टोकाला एकच रेषा वळसा घेते. दुहेरी रेषेने दाखवलं असेल तर एकात एक बसलेले दोन वळसे दिसतात आणि त्यांच्या मध्ये बहुतेक वेळा एक रंग किंवा छटा भरलेली असते. किंवा जिथे घडी नाही अशा सपाट काठावर बघ. तिथे एकूण दोन रेषा असतील तर एक पटल म्हणजे एक रेषा. चार असतील तर एक पटल म्हणजे एक जोडी, मग जोड्या मोजायच्या.

दुसरी पडताळणी त्या आकृतीत लॉलीपॉपसारखे ठोकळे काढले असतील तर मिळते. आंतरपटलावर देठ असलेले गोल काढतात, ते एटीपी तयार करणाऱ्या एन्झाइमचे एफ-१ भाग. त्यांची डोकी नेहमी मॅट्रिक्सच्या बाजूला असतात. म्हणजे डोकं ज्या बाजूला, ती मॅट्रिक्स. मॅट्रिक्समध्ये गोलाकार डीएनएचं एखादं वेटोळं आणि रायबोझोमचे बारीक ठिपकेही दाखवतात. तुझ्या आकृतीत ‘क’ची जागा ठिपकेदार होती असं मी गृहीत धरलं ते याच कारणाने. पण छटेवर एकटीवर विसंबू नकोस. काही चित्रकार दोन पटलांमधली पोकळी गडद करतात आणि मॅट्रिक्स पांढरी सोडतात. आधी पेन फिरव, मग छटा जुळते का बघ.

तुझ्या प्रश्नातले पर्याय साधारण असे असणार: एका पर्यायात ‘अ बाह्य पटल, ब मॅट्रिक्स, क दोन पटलांमधली पोकळी, ड क्रिस्टा’ आणि दुसऱ्यात फक्त ब आणि क यांची अदलाबदल. प्रश्न काढणारा माणूस हेच करतो. शेजारी शेजारी असलेल्या, चित्रात सहज गोंधळणाऱ्या दोन जागा घेतो आणि त्यांची अदलाबदल करून दोन पर्याय बनवतो. मीही प्रश्न काढताना असंच करते. अ आणि ड बघून दोन पर्याय गळाले की मुलांना वाटतं काम झालं, आणि उरलेल्या दोघांत ती घाईने निवड करतात. खरा प्रश्न तिथे सुरू होतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो. अशा एका अदलाबदलीने पाच गुणांचा फरक पडतो, आणि तेही येत असलेल्या प्रश्नात.

आता रेषा प्रत्यक्ष बघायची कशी, ते सांगते. पेनाचं टोक अक्षरापाशी ठेव आणि कागदाला न टेकवता रेषेवरून सरकव. निर्देशक रेषा पट्टीने काढलेली, सरळ आणि सगळीकडे सारख्या जाडीची असते. पेशीत सरळ रेषा फार थोड्या असतात, त्यामुळे जे सरळ ते निर्देशक असं धरायला हरकत नाही. वनस्पती पेशीची भित्तिका हा मोठा अपवाद. तीही सरळ असते, म्हणून तिच्याजवळून जाणारी रेषा जपून बघायची. वाटेत रेषा एखाद्या अंगकाच्या अंगावरून गेली तर थांबायचं नाही. दुसरी निर्देशक रेषा आडवी आली तर वळायचं नाही, सरळच जायचं. काही आकृत्यांत रेषेला एक कोपरा असतो, तो बहुधा चित्राच्या बाहेर, अक्षराजवळ असतो. चित्राच्या आत वळल्यासारखी वाटली तर तू पेशीतल्या एखाद्या रेषेवर घसरली असण्याची शक्यता जास्त. मागे जा.

शाई संपली तिथे थांब आणि ठिपका दे. चारही अक्षरांना ठिपके देऊन झाले की मग नावं. अक्षराकडे बघून नाव सांगू नकोस, ठिपक्याकडे बघून सांग. एकदा वर्गात मी एका आकृतीत ‘अ’ हे अक्षर मुद्दाम गॉल्जी संकुलाच्या शेजारी ठेवलं होतं आणि त्याची रेषा त्याच्यावरून पुढे लयकारिकेपर्यंत नेली होती. बऱ्याच मुलांनी गॉल्जी लिहिलं. अक्षराच्या सगळ्यात जवळची ओळखीची गोष्ट डोळा उचलतो. ठिपका दिला की डोळ्याला दुसरी जागा मिळते.

टोक नेमकं कशावर आहे, याचे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं. टोक रेषेवर टेकलं असेल तर उत्तर त्या रेषेचं, म्हणजे पटलाचं किंवा भित्तिकेचं. टोक मोकळ्या जागेत असेल तर उत्तर त्या जागेचं, म्हणजे मॅट्रिक्स, स्ट्रोमा, पेशीद्रव्य, पोकळी यांपैकी काही. आणि रेषा कंसाला जोडली असेल तर कंसाने जेवढं वेढलंय त्या सगळ्याचं नाव. हरितलवकात हा कंस फार कामाचा असतो. थायलॅकॉइडच्या चकत्यांची चळत कंसात असेल तर ग्रॅनम, टोक एका चकतीवर असेल तर थायलॅकॉइड. दोन्ही शब्द पर्यायांत असतातच.

अडचण येते ती टोक रेषेच्या किंचित अलीकडे थांबलेलं असलं की. जागा की पटल? इथे मी ठाम नियम देणार नाही, कारण तो चित्रकाराच्या सवयीवर अवलंबून आहे. ती सवय त्याच आकृतीतून शोधता येते. ज्या अक्षराचं उत्तर शंभर टक्के माहीत आहे त्याची रेषा बघ. समज, ‘अ’ हे बाह्य पटलच आहे, कारण तिकडे दुसरं काही नाही. त्याची रेषा पटलाला पूर्ण टेकली आहे का, की अर्धा मिलिमीटर आधी थांबली आहे? टेकली असेल तर हा चित्रकार टेकवणारा आहे, आणि जिथे टेकलेली नाही तिथे त्याला जागाच दाखवायची आहे. आधी थांबली असेल तर इतर रेषाही थोडं पुढे वाढवून वाचाव्या लागतील. टोकाला बाण असेल तर बाणाच्या नाकासमोर काय आहे ते बघायचं. गोल ठिपका असेल तर ठिपक्याच्या खाली काय आहे ते बघायचं. एकाच आकृतीत हे मिसळत नाहीत, मिसळले तर ती आकृती दोन ठिकाणांहून जोडलेली असते.

हे मी स्वतःच्या आकृतीवरून शिकले. एका सराव परीक्षेसाठी मी केंद्रकाची आकृती काढली होती. छपाईला जाताना ती लहान केली गेली आणि केंद्रकाच्या दोन पटलांमधली जागा शाईने भरून गेली. माझी रेषा त्या जागेत टेकलेली होती, छापल्यावर ती जाड काळ्या कड्यावर टेकलेली दिसत होती. मुलांनी ‘केंद्रक पटल’ लिहिलं आणि छापलेलं चित्र बघता ते बरोबरच होतं. आम्ही दोन्ही उत्तरांना गुण दिले. तेव्हापासून आकृती छापील आकारातच तपासते. तुलाही सराव पेपर मोबाईलवर सोडवताना हेच भोगावं लागतं. छोट्या पडद्यावर बारीक रेषा तुटक दिसते किंवा दोन रेषा एक होतात. चित्र मोठं कर, पण एवढं नको की अक्षर पडद्याबाहेर जाईल. तसं होत असेल तर आधी टोकापर्यंत जाऊन ती जागा लक्षात ठेव, ‘डावीकडून तिसरी घडी’ अशी, आणि मग मागे येऊन अक्षर तपास.

पटलं मोजण्याची रीत दुसऱ्या अंगकांना लावताना थोडा विचार करावा लागतो. हरितलवकात बाहेरून एक पटल ओलांडलं की आवरणाच्या दोन पटलांमधली जागा, दोन ओलांडली की स्ट्रोमा, तीन ओलांडली की थायलॅकॉइडच्या आतली पोकळी. इथे तिसरी जागा पहिल्या जागेला जोडलेली नसते. पूर्ण वाढलेल्या हरितलवकात थायलॅकॉइडचं पटल आवरणाच्या आतल्या पटलापासून वेगळं असतं. पेन थायलॅकॉइडच्या पोकळीत ठेवून फिरवलंस तर चळतींना जोडणाऱ्या स्ट्रोमा लॅमेलांतून दुसऱ्या चळतीत जाशील, पण आवरणापर्यंत पोचणार नाहीस. मायटोकॉन्ड्रिऑनमध्ये तीन म्हणजे पुन्हा एक, हरितलवकात तीन म्हणजे वेगळी तिसरी खोली. हा फरक लक्षात असेल तर ‘सामू सर्वांत कमी कोणत्या अक्षरापाशी’ असा जोडप्रश्नही सुटतो. मायटोकॉन्ड्रिऑनमध्ये प्रोटॉन मॅट्रिक्समधून बाहेर, दोन पटलांमधल्या पोकळीत ढकलले जातात, म्हणून तिथला सामू कमी. प्रकाशात असलेल्या हरितलवकात ते थायलॅकॉइडच्या पोकळीत साठतात. आणि हरितलवकातल्या लॉलीपॉपची डोकी स्ट्रोमाच्या बाजूला असतात.

केंद्रकात एक पटल ओलांडलं की केंद्रक आवरणाच्या दोन पटलांमधली जागा, दोन ओलांडली की केंद्रकद्रव्य. त्यापुढे केंद्रकीची कडा येते, ती मोजायची नाही. केंद्रकीला पटल नसतं. चित्रात तिच्याभोवती रेषा काढतात ती फक्त आकार दाखवायला. चित्रातली प्रत्येक रेषा पटल असते असं नाही, तसंच रायबोझोम आणि तारककेंद्र यांच्याभोवतीही पटल नाही.

केंद्रकात पेन फिरवण्याची रीत एका ठिकाणी दगा देते, तेही सांगते. आवरणाला छिद्रं असतात. छिद्रापाशी बाहेरचं आणि आतलं पटल एकमेकांत मिळतं आणि मध्ये मोकळी वाट राहते. केंद्रकद्रव्यात ठेवलेलं पेन त्या वाटेने कुठलीही रेषा न ओलांडता पेशीद्रव्यात येतं, म्हणजे रीतीप्रमाणे दोन्ही एकच जागा ठरतील. तसं धरायचं नाही. छिद्रात प्रथिनांची मोठी रचना असते, ती काय जाऊ द्यायचं ते ठरवते. आकृती वाचताना छिद्र बंद दार समजायचं. उलट बाजूला मात्र ही रीत एक खरी गोष्ट दाखवते. आवरणाच्या दोन पटलांमधल्या जागेत पेन ठेवलंस तर काही आकृत्यांत तू थेट खडबडीत अंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत जाशील, कारण आवरणाचं बाहेरचं पटल तिला सलग जोडलेलं असतं. तिथे निर्देशक रेषा चपट्या पिशवीच्या आत टेकली असेल तर अंतर्द्रव्यजालिकेची पोकळी, पिशवीच्या अंगावरच्या एका दाण्यावर टेकली असेल तर रायबोझोम. या दाण्यांच्या बाबतीत टोक खरोखर एका दाण्यावर आहे का हे डोळे बारीक करून बघावं लागतं.

वनस्पती पेशीच्या रसद्रव्यकुंचनाच्या आकृतीत एक वेगळी मोकळी जागा विचारतात. पेशी गाढ द्रावणात ठेवलेली, प्रद्रव्यपटल भित्तिकेपासून सुटून आत आकसलेलं, आणि अक्षराची रेषा भित्तिका व पटल यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. मुलं तिथे पेशीद्रव्य लिहितात, काही रिक्तिका लिहितात, काहींना ती हवा वाटते. पेशीद्रव्य आणि रिक्तिका तर पटलाच्या आत आहेत, आणि त्या जागेत जायला एकही पटल ओलांडावं लागत नाही, फक्त भित्तिका ओलांडावी लागते. भित्तिका पाण्याला आणि विरघळलेल्या लहान रेणूंना अडवत नाही. म्हणून त्या जागेत बाहेरचंच गाढ द्रावण असतं. इथेही टोक किती आत आहे यावरून उत्तर काढलं की चुकतं, आणि मध्ये कोणती भिंत आहे यावरून काढलं की बरोबर येतं.

परीक्षेत हे सगळं करायला वेळ आहे का, असं तू विचारशील. १८० मिनिटांत १८० प्रश्न म्हणजे सरासरी एक मिनिट. चार ठिपके देणं आणि दोन अक्षरांसाठी पटलं मोजणं सवय झाल्यावर अर्ध्या मिनिटात होतं. सगळ्या अक्षरांना मोजायची गरजही नसते. पर्याय वाचून ज्या दोन अक्षरांची अदलाबदल झालीय ती शोध, तुझ्या प्रश्नात ती ब आणि क होती, आणि फक्त तिथेच पेन फिरव.

सवयीसाठी रोज नवीन आकृत्या सोडवण्यापेक्षा एक काम कर. पाठ्यपुस्तकातली मायटोकॉन्ड्रिऑनची आकृती कोऱ्या कागदावर स्वतः काढ, घडीचं तोंड उघडं ठेवून. मग डोळे मिटून पेन्सिल पाच वेळा टेकव आणि जिथे जिथे ठिपका पडला त्या जागेचं नाव लिही, शेजारी ओलांडलेल्या पटलांचा आकडा. एखादा ठिपका नेमका रेषेवर पडेल, एखादा घडीत, एखादा आकृतीबाहेर पेशीद्रव्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी हरितलवक काढून तेच कर आणि तीन आकडा आला की थांबून बघ, ही खोली कुठल्या खोलीला जोडलेली आहे ते.